गाडीचं बुकिंग नेमकं कोणत्या दिवशी उघडणार? तारीख काढायची रीत

गणपतीला गावी जायचं म्हटलं की घराघरांत एकच प्रश्न असतो, रिझर्वेशन कधी उघडणार? उत्तर वरवर सोपं आहे: प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता. तरीही दरवर्षी कुणीतरी नेमक्या दिवशी, नेमक्या वेळी बसतं आणि त्याच्या आधीच वेटिंग लागलेलं असतं, किंवा गाडी निवडायला जावं तर REGRET दिसतं. यात बहुतेकदा दलालाचा किंवा नशिबाचा संबंध नसतो. मोजणी एका दिवसाने चुकलेली असते. ती का चुकते हे एकदा समजलं की कोणत्याही गाडीची तारीख दोन मिनिटांत काढता येते.

आधी नियम. १ नोव्हेंबर २०२४ पासून भारतीय रेल्वेत आगाऊ आरक्षणाची मुदत ६० दिवसांची आहे आणि त्यात प्रवासाचा दिवस धरलेला नाही. त्याआधी ती १२० दिवसांची होती. म्हणून इंटरनेटवर अजूनही 'चार महिने आधी' सांगणारे लेख आणि जुन्या कॅलेंडरांचे फोटो फिरतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या तक्त्यात १२० हा आकडा दिसला तर तो तक्ता पुढे पाठवण्याऐवजी डिलीट करावा. विदेशी पर्यटकांसाठीची ३६५ दिवसांची मुदत वेगळी आहे, आणि ताज एक्स्प्रेस, गोमती एक्स्प्रेस अशा दिवसा धावणाऱ्या काही गाड्यांची मुदत मुळातच कमी असते. आपल्याकडच्या बहुतेक लांबच्या गाड्यांना मात्र ६० हाच आकडा लागू आहे.

'प्रवासाचा दिवस सोडून' याचा अर्थ साधा आहे. प्रवासाच्या तारखेतून सरळ ६० वजा करायचे. १२ सप्टेंबरला निघायचं असेल तर ११ सप्टेंबर हा एक, १० सप्टेंबर हे दोन, असं मागे मागे जात साठावा दिवस येतो तो १४ जुलै. काही जण प्रवासाचा दिवसच 'एक' म्हणून मोजतात आणि १५ जुलैवर पोचतात. गणपतीच्या गाड्यांमध्ये एवढा एक दिवस पुरेसा महाग पडतो.

बोटांवर मोजायची युक्ती

कॅलेंडरवर साठ घरं मागे मोजत बसायची गरज नाही. प्रवासाच्या तारखेवरून दोन महिने मागे जा, आणि मग थोडी दुरुस्ती करा. वर्षातल्या बहुतेक महिन्यांसाठी ही दुरुस्ती 'एक दिवस पुढे' अशी असते, कारण लागोपाठच्या दोन महिन्यांचे मिळून बहुधा ६१ दिवस होतात. म्हणजे २५ मेचा प्रवास असेल तर २५ मार्च, आणि एक दिवस पुढे, २६ मार्च.

अपवाद चारच महिन्यांचे आहेत. प्रवास सप्टेंबरात किंवा फेब्रुवारीत असेल तर दोन दिवस पुढे जायचं, कारण मागचे दोन्ही महिने ३१ दिवसांचे आहेत. सप्टेंबरच्या मागे जुलै-ऑगस्ट, फेब्रुवारीच्या मागे डिसेंबर-जानेवारी. प्रवास मार्चमध्ये किंवा एप्रिलमध्ये असेल तर फेब्रुवारी मध्ये येतो, म्हणून उलट एक दिवस मागे यायचं. १० मार्चचा प्रवास, दोन महिने मागे १० जानेवारी, एक दिवस मागे ९ जानेवारी. लीप वर्षात या दोन महिन्यांना दुरुस्तीच लागत नाही.

गणपती ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात येतो, म्हणून ही दोन दिवसांची भानगड कोकणातल्या माणसाने विशेष लक्षात ठेवावी. ऑगस्टमधल्या प्रवासाला एक दिवस पुढे, सप्टेंबरमधल्या प्रवासाला दोन. ३१ ऑगस्टसारखी अडचणीची तारीख आली, तर '३१ जून' नाही म्हणून थांबू नका. ३१ जून म्हणजे १ जुलै समजा, त्यात एक मिळवा, २ जुलै. उत्तर बरोबर येतं.

आलेलं उत्तर वारावरून तपासता येतं, आणि ही तपासणी मला सगळ्यात आवडते. ६० दिवस म्हणजे आठ आठवडे आणि चार दिवस. म्हणून बुकिंग उघडण्याचा वार हा प्रवासाच्या वारानंतरचा तिसरा वार असतो. शुक्रवारच्या गाडीचं बुकिंग सोमवारी उघडतं, शनिवारच्या गाडीचं मंगळवारी, रविवारच्या गाडीचं बुधवारी. हिशोबात वेगळा वार आला तर कुठेतरी चूक आहे, पुन्हा मोजा.

खरी मेख: दिवस कुणाचा मोजायचा?

आता महत्त्वाचं. हे ६० दिवस तुमच्या स्थानकावरच्या तारखेपासून मोजले जात नाहीत. गाडी तिच्या मूळ स्थानकावरून ज्या तारखेला सुटते, त्या तारखेपासून मोजले जातात. तुम्ही गाडीत मुंबईत चढा, पनवेलला चढा की नागपूरला, त्या गाडीच्या सगळ्या स्थानकांचं बुकिंग एकदमच, एकाच सकाळी उघडतं. रेल्वेच्या दृष्टीने ती एकच गाडी आणि एकच फेरी आहे. डबे, बर्थ आणि कोटा यांचा हिशोब फेरीप्रमाणे ठेवला जातो.

यातून निघणारा परिणाम असा, की गाडी तुमच्या स्थानकावर दुसऱ्या दिवशी येत असेल, तर तुमच्या प्रवासाच्या तारखेपासून बुकिंग ६१ दिवस आधी उघडतं. तिसऱ्या दिवशी येत असेल तर ६२ दिवस आधी. तुम्ही मात्र स्वतःच्या तारखेतून ६० वजा करून बसलात, तर तुमच्या सकाळी ८ वाजायच्या आधी सबंध एक दिवस त्या गाडीची विक्री चालू राहिलेली असते.

हे २०२६ च्या गणपतीवर करून पाहू. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. चाकरमान्याची नेहमीची योजना असते तशी धरू: शुक्रवारी, ११ सप्टेंबरला ऑफिस संपवायचं आणि रात्रीची गाडी पकडून शनिवारी सकाळी कुडाळला उतरायचं. डोळ्यासमोर दोन गाड्या येतात, कोकणकन्या आणि तुतारी.

कोकणकन्या मुंबईहून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, रात्री अकरा वाजून गेल्यावर सुटते. शुक्रवारी रात्री अकरा म्हणजे तारीख ११ सप्टेंबरच. दोन महिने मागे ११ जुलै, सप्टेंबर असल्यामुळे दोन दिवस पुढे, १३ जुलै. वार तपासा: शुक्रवारनंतरचा तिसरा वार सोमवार, आणि १३ जुलै २०२६ हा सोमवारच आहे. म्हणजे मुंबई, दादर किंवा ठाण्याहून चढणाऱ्याने सोमवारी १३ जुलैला सकाळी ८ वाजता बसायचं.

आता हीच कोकणकन्या, पण चढायचं पनवेलला. पनवेलला ही गाडी मध्यरात्र उलटल्यावर येते, म्हणून तिकिटावर तारीख घालावी लागते १२ सप्टेंबर. इथे बरेच जण १२ तारखेतून ६० वजा करतात आणि १४ जुलै धरून बसतात. पण गाडी ११ तारखेची आहे. बुकिंग १३ जुलैलाच उघडतं, मुंबईकरांबरोबर, त्याच क्षणी. खारघर, कामोठे, पनवेल भागातल्या माणसाला १४ तारखेला सकाळी जे वेटिंग दिसतं, ते आदल्या दिवशीच्या विक्रीचं असतं.

तिसरी गोष्ट तुतारीची. ती दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. आपण बोलताना 'शुक्रवार रात्रीची तुतारी' म्हणतो, पण बारानंतर शनिवार लागलेला असतो. तिची तारीख १२ सप्टेंबर, आणि दादर हेच तिचं मूळ स्थानक, म्हणजे तिच्यासाठी तो पहिला दिवस. त्यामुळे बुकिंग १४ जुलैला, मंगळवारी. तुतारीत ११ तारीख घालून तिकीट काढलं तर ते गुरुवार रात्रीचं तिकीट होतं, आणि तुम्ही शुक्रवारी रात्री दादरला पोचाल तेव्हा तुमची गाडी सावंतवाडी करून मोकळी झालेली असेल.

म्हणजे रात्र एकच, आणि त्या रात्रीची तीन तिकिटं. कोकणकन्या मुंबईहून काढली तर प्रवास ११ तारखेचा आणि बुकिंग १३ जुलैला. कोकणकन्या पनवेलहून काढली तर प्रवास १२ तारखेचा, पण बुकिंग १३ जुलैलाच. तुतारी काढली तर प्रवास १२ तारखेचा आणि बुकिंग १४ जुलैला. हे फायद्याचंही आहे. १३ तारखेला कोकणकन्या हुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रात्रीसाठी तुतारीची दुसरी संधी मिळते.

दिवस कितवा, हे कुठे बघायचं

आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचं वेळापत्रक उघडा. गाडीच्या नावाजवळ Train Schedule असतं. स्थानकांच्या यादीत येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, अंतर अशा रकान्यांबरोबर Day नावाचा एक रकाना असतो. बहुतेक लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. तुमच्या स्थानकासमोर १ असेल तर तुमचीच तारीख धरा. २ असेल तर आधी एक दिवस मागे या, ३ असेल तर दोन दिवस मागे या, आणि मग ६० वजा करा.

लांबून येणाऱ्या गाड्यांमध्ये हा रकाना फार कामाचा. समजा नागपूरहून मुंबईला १२ नोव्हेंबरला हावडा-मुंबई मेलने यायचं आहे. ही गाडी हावड्याहून रात्री सुटते आणि नागपूरला दुसऱ्या दिवशी पोचते. म्हणून मूळ तारीख ११ नोव्हेंबर. दोन महिने मागे ११ सप्टेंबर, एक दिवस पुढे, १२ सप्टेंबर. १२ नोव्हेंबरवरून थेट मोजलं असतं तर १३ सप्टेंबर आलं असतं. याउलट नागपूरहूनच सुटणाऱ्या गाडीचं १२ नोव्हेंबरचं बुकिंग १३ सप्टेंबरलाच उघडेल. एकाच शहरातून, एकाच दिवशी जाणाऱ्या दोन गाड्यांच्या तारखा अशा वेगळ्या पडतात, आणि 'अमुक दिवसाचं बुकिंग अमुक दिवशी' असे सरसकट तक्ते याच कारणाने फसवतात.

ज्यांना घरच्या सगळ्यांची तिकिटं सांभाळायची असतात, त्यांनी गूगल शीट किंवा एक्सेलमध्ये एक छोटी यादी करावी. A2 मध्ये गाडीत चढण्याची तारीख, B2 मध्ये Day रकान्यातला आकडा, आणि तिसऱ्या चौकटीत हे सूत्र:

```
=A2-(B2-1)-60
```

उत्तर तारखेऐवजी 46216 असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका, चौकटीचं फॉरमॅट Date करा. (46216 म्हणजेच १३ जुलै २०२६.)

आठवडाभर आधी करायची चाचणी

हिशोब कितीही पक्का असला तरी मी आठवडाभर आधी गाडीलाच विचारून बघतो. पद्धत अशी. ५ जुलै आहे असं धरा. ५ जुलैत ६० मिळवले की ३ सप्टेंबर येतो. आता तुमच्याच स्थानकावरून त्याच गाडीची ३ आणि ४ सप्टेंबरची उपलब्धता बघा. ३ ची जागा दिसते आणि ४ ची अजून दिसत नाही, तर तुमचं स्थानक पहिल्या दिवसात आहे. ४ सप्टेंबरचीही जागा दिसत असेल, तर गाडी तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी येते आणि तुमचं बुकिंग एक दिवस लवकर उघडतंय. ही चाचणी सकाळी ८ नंतर करा. त्याआधी केली तर त्या दिवशीची तारीख अजून उघडलेली नसते आणि निष्कर्ष एका दिवसाने चुकतो.

या चाचणीचा आणखी एक उपयोग आहे. ३ सप्टेंबरच्या साध्या दिवशीही गाडी ८ वाजून ५ मिनिटांनी भरलेली दिसली, तर ११ तारखेला काय होणार याचा अंदाज येतो, आणि दुसऱ्या गाडीची तारीखही काढून ठेवावी हे लक्षात येतं.

कोकणासाठी यात एक सावधगिरी हवी. कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक लागू असतं आणि तेव्हा गाड्या सावकाश चालतात. गणपती त्याच काळात येतो. ज्या स्थानकावर गाडी मध्यरात्रीच्या आसपास येते, तिथे पावसाळ्यात पोचेपर्यंत तारीख बदललेली असू शकते. म्हणून मे महिन्यातला अनुभव सप्टेंबरला लावू नका. वेळापत्रक बघताना प्रवासाची तारीख घालूनच गाडी शोधा. मुंबई-मडगाव वंदे भारतसारख्या गाडीचे तर पावसाळ्यात वारही कमी होतात. ज्या दिवशी गाडी धावतच नाही, त्या दिवसाचं बुकिंग उघडण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एक-दोनदाच धावणाऱ्या लांबच्या गाड्यांच्या बाबतीत, कुठेही 'मंगळवारी धावते' असं वाचलं तर तो बहुधा मूळ स्थानकाचा वार असतो. तुमच्याकडे ती बुधवारी असेल.

परतीचा हिशोब वेगळा करा. जाताना जो Day होता तोच येताना असेल असं नाही. मडगावहून निघणारी कोकणकन्या कुडाळला त्याच संध्याकाळी किंवा रात्री येते, म्हणून कुडाळहून २० सप्टेंबरला निघायचं तर २२ जुलै. पण खेडपर्यंत येता येता मध्यरात्र उलटते. खेडहून २० तारखेच्या पहाटे चढणाऱ्याची गाडी मडगावहून १९ तारखेला निघालेली असते, म्हणून त्याने २१ जुलै धरायचा.

उघडण्याच्या सकाळी

तारीख बरोबर निघाल्यावरही एक अडथळा राहतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बुकिंग उघडल्यावर पहिली १५ मिनिटं आधार पडताळणी झालेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट काढता येऊ लागलं. पुढे ही मुदत वाढवत नेली आणि १२ जानेवारी २०२६ पासून बुकिंग उघडण्याच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत हीच अट आहे. म्हणजे पडताळणी नसलेल्या खात्याला पहिला संपूर्ण दिवस ऑनलाइन दार बंद. My Account मध्ये Authenticate User इथे जाऊन हे काम जूनमध्येच उरकावं. अधिकृत एजंटांना पहिली १० मिनिटं तिकीट काढता येत नाही, त्यामुळे 'आमचा माणूस ८ लाच काढून देतो' यावर विसंबू नका.

रविवार किंवा सुट्टी आली म्हणून तारीख पुढे सरकत नाही. खिडकीवर जाणाऱ्यांनी एवढं बघावं की रविवारी आरक्षण केंद्रं सहसा दुपारी २ पर्यंतच चालू असतात.

परदेशातून आईवडिलांसाठी तिकीट काढणाऱ्यांनी ८ वाजता म्हणजे भारतीय वेळेनुसार हे विसरू नये. जुलैत न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. १३ जुलैचं बुकिंग तिथल्या १२ जुलैच्या रात्री काढायचं. लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन, दुबईत सकाळचे साडेसहा.

जिथे हा हिशोब चालत नाही

गणपती स्पेशल गाड्यांना हे सूत्र लावू नका. त्यांचे नंबर ० ने सुरू होतात. त्या जाहीर होतात तेव्हा बहुतेकदा ६० दिवस उरलेलेच नसतात. त्यांचं बुकिंग कधी उघडणार हे मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे किंवा कोकण रेल्वेच्या पत्रकात लिहिलेलं असतं. पत्रकात गाड्यांचे नंबर नीट वाचा, कारण एकाच पत्रकातल्या सगळ्या गाड्यांचं बुकिंग एकाच दिवशी उघडेल असं नाही. नेहमीच्या गाडीत वेटिंग मिळालेल्या माणसाने ते तिकीट लगेच रद्द न करता या पत्रकांवर नजर ठेवावी. स्पेशल गाडीत कन्फर्म जागा मिळाल्यावर आधीचं रद्द करता येतं.

नवीन सुरू झालेली गाडी, नंबर बदललेली गाडी किंवा मार्ग वाढवलेली गाडी यांचंही तसंच. मार्ग वाढवला की मूळ स्थानक बदलतं, आणि काल ज्या स्थानकाचा Day १ होता तो आज २ होऊ शकतो. अशा गाडीचं वेळापत्रक दरवेळी नव्याने उघडून बघावं.